तेवीस दिवसांची मागणी: रजा रोखीकरण नाकारणाऱ्या एका पत्राचं प्रकरण

नोकरी सोडून गेलेल्या एका वरिष्ठ लेखा सहायकाचा मेल 12 जुलै 2023 रोजी आमच्या मनुष्यबळ विभागात आला. नऊ वर्षांची नोकरी झाली होती, शेवटचा कामाचा दिवस 30 जून, आणि 7 जुलैला फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे, पैसे खात्यात जमा. त्यात 43 दिवसांच्या रजेचा मोबदला होता. मेल चार ओळींचा होता: माझ्या रजा 66 शिल्लक होत्या, तुम्ही 43 चेच पैसे दिलेत, उरलेल्या 23 दिवसांचे द्या. सोबत रजेच्या अ‍ॅपचा एक स्क्रीनशॉट, आणि शेवटी एक वाक्य, की दोन वर्षांपूर्वी माझ्याच विभागातल्या एका सहकाऱ्याला 45 च्या वरचे दिवसही मिळाले होते, मग मला का नाही.

मी तिथे मनुष्यबळ व्यवस्थापक होते. माझ्या सहायकाने त्याच दिवशी उत्तराचा मसुदा करून ठेवला. तो असा होता: “कंपनीच्या रजा धोरणानुसार आपली मागणी मान्य करता येत नाही. तसेच आपण पूर्ण व अंतिम हिशोबाच्या पावतीवर स्वाक्षरी केलेली असल्याने हा विषय बंद समजावा.”

अशी पत्रं मी स्वतः पूर्वी पाठवलेली आहेत. त्यांच्यात दोन दोष असतात. ‘धोरणानुसार’ म्हणजे कोणत्या कलमानुसार आणि किती दिवसांसाठी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की आपली मागणी कुणी उघडूनही पाहिली नाही. दुसरा दोष पावतीचा. कायद्याने एखादी रक्कम देणं लागत असेल, तर पावतीवरच्या सहीने ते देणं संपत नाही. ‘सही केलीत ना’ हे उत्तर आपला हिशोब बरोबर असेल तर लागत नाही, आणि चुकीचा असेल तर टिकत नाही. मी मसुदा बाजूला ठेवला आणि रजेचं खातं मागवलं.

आधी 66 हा आकडा कुठून आला ते पाहायचं होतं. अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘एकूण शिल्लक’ म्हणून 57 दिसत होते. त्यात तीन वेगळ्या रजा एकत्र केलेल्या होत्या: अर्जित रजा 43, नैमित्तिक 4 आणि आजारपणाच्या 10. या 57 मध्ये त्याने डिसेंबर 2022 अखेर लॅप्स झालेल्या 9 अर्जित रजा मिळवल्या, म्हणून 66. त्याची बेरीज चोख होती. हिशोबात मुरलेल्या माणसाला आपणच 57 ‘शिल्लक’ दाखवायचे आणि मग त्यातल्या 14 दिवसांना पैशात काही किंमत नाही असं सांगायचं, तर तो चिडणारच. मागणीतला निम्म्याहून अधिक भाग आमच्या स्क्रीनने तयार केला होता.

म्हणजे ‘तेवीस दिवस’ ही एकच मागणी नव्हती. नैमित्तिक 4, आजारपणाच्या 10 आणि लॅप्स झालेल्या अर्जित 9, अशा तीन मागण्या होत्या, आणि तिघींचं उत्तर वेगळ्या जागी होतं.

पहिल्या दोन लवकर निकालात निघाल्या. आमच्या धोरणाच्या कलम 7.6 मध्ये रोखीकरण फक्त अर्जित रजेचं होतं. कंपनीचा नियम कायद्याच्या खाली जात नाही ना, हे मात्र अशा वेळी प्रत्येकदा तपासावं लागतं, कारण कायदा जास्त देत असेल तर धोरणाचं कलम दाखवण्यात अर्थ नसतो. आम्हाला लागू होता महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017. लेखा सहायकाचं काम लिपिक स्वरूपाचं, म्हणून तो त्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत होता; व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाचं प्रकरण असतं तर हा कायदा बाजूला राहिला असता आणि सगळा भार धोरणावर व नेमणूकपत्रावर आला असता. या कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, त्या दर तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेल्या संपतात. त्यांचे पैसे द्यायला कायदा सांगत नाही. आजारपणाच्या 10 रजा आमच्या कंपनीने आपल्याकडून दिलेली सवलत होती, त्यामुळे तिच्या अटीही धोरणातल्याच.

खरा प्रश्न त्या 9 दिवसांचा होता.

खातं असं होतं. 1 जानेवारी 2022 रोजी अर्जित रजा 43. वर्षभरात दरमहा दीड याप्रमाणे 18 जमा, म्हणजे 61. घेतलेल्या 7, उरल्या 54. कलम 7.3 नुसार 31 डिसेंबरला पुढच्या वर्षात 45 च नेता येतात. वरच्या 9 त्या रात्री लॅप्स झाल्या. जानेवारी ते जून 2023 मध्ये 9 जमा होऊन 54 झाल्या, त्यातून 11 घेतल्या, म्हणून जाताना 43. फुल अँड फायनलमधला आकडा खात्याशी तंतोतंत जुळत होता.

45 ची मर्यादा कायद्यातही तीच आहे. 240 दिवस काम केलेल्या कामगाराला वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, आणि साठवण जास्तीत जास्त 45. तेव्हा लॅप्स होणं नियमाला धरून होतं. माझ्या सहायकाचं म्हणणं होतं, की मॅडम, आता पत्र पाठवून टाकू.

मला मात्र मेलमधलं शेवटचं वाक्य सोडवत नव्हतं. त्या सहकाऱ्याला 45 च्या वरचे दिवस कसे मिळाले? चुकून दिले असतील, तर निदान आपल्याला ते माहीत हवं. मी ती जुनी फाइल काढली. त्यात चूक नव्हती. त्या माणसाने वेळेत रजा मागितली होती, ती कामामुळे नाकारली गेली, आणि वर्षअखेर मर्यादेच्या वर राहिलेले तेवढे दिवस त्याला रोखीत दिले होते. आमच्या धोरणाचं कलम 7.4 हेच सांगतं, आणि ते कायद्यातूनच आलेलं आहे: पंधरा दिवस आधी मागितलेली देय रजा मालकाने नाकारली, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो.

म्हणजे विचारायचा प्रश्न वेगळाच होता. किती रजा लॅप्स झाल्या, हे पुरेसं नव्हतं. या माणसाने 2022 मध्ये किती रजा मागितल्या आणि त्यातल्या किती नाकारल्या गेल्या, हे पाहायला हवं होतं. रजेच्या खात्यात फक्त मंजूर रजा दिसतात. नाकारलेले अर्ज वेगळ्या यादीत जातात, आणि फुल अँड फायनल करताना ती यादी कुणी उघडत नाही. अशा दाव्यांत चूक राहते ती नेमकी इथे. खात्याची बेरीज जुळते, म्हणून सगळे निश्चिंत होतात.

यादीत त्याचे दोन अर्ज निघाले. पहिला 2 नोव्हेंबर 2022 चा, 21 ते 25 नोव्हेंबर या पाच दिवसांसाठी. एकोणीस दिवस आधी केलेला. त्याच्या विभागप्रमुखांनी कारणाच्या चौकटीत एकच शब्द लिहिला होता, ‘ऑडिट’, आणि अर्ज नामंजूर केला होता. दुसरा 22 डिसेंबरचा, 27 ते 30 डिसेंबर या चार दिवसांसाठी. तोही नामंजूर, कारण ‘इयर एंड’. पाच आणि चार, नऊ. लॅप्स झालेले नऊ दिवस म्हणजे त्याने मागितलेले आणि न मिळालेलेच नऊ दिवस होते. माझा सहायक बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

नऊच्या नऊ देऊन टाकावेत असा मोह त्या क्षणी होतो. मलाही झाला. पण दोन्ही अर्ज सारखे नव्हते. पहिला पंधरा दिवसांच्या अटीत बसत होता. दुसरा पाच दिवस आधी केलेला होता. तो नाकारणं विभागप्रमुखांच्या अधिकारातलं होतं आणि त्यातून रोखीचा हक्क तयार होत नव्हता. हे चार दिवस दयेपोटी दिले असते, तर पुढच्या वर्षी 22 डिसेंबरला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ते द्यावे लागले असते, आणि अट कागदावरच उरली असती. मी पाच मान्य केले, चार नाकारले.

मग दोन बारीक प्रश्न उभे राहिले. धोरणात नोकरी सोडताना जास्तीत जास्त 45 दिवसांचं रोखीकरण, असंही एक कलम आहे. सहायक म्हणाला, पाच दिवस खात्यात परत घातले तर 43 चे 48 होतात, मग 45 वर थांबायचं आणि दोनच दिवसांचे पैसे द्यायचे. आकडेमोड म्हणून बरोबर, पण या पाच दिवसांचा हक्क मुळातच ‘45 च्या वरच्या’ रजेसाठी आहे. त्यांना पुन्हा 45 च्या मर्यादेखाली बसवलं तर ते कलम कधीच कुणाला लागू पडणार नाही. हे दिवस खात्यात परत घालायचे नाहीत, त्यांचे पैसे वेगळे द्यायचे, असं ठरलं.

दुसरा प्रश्न दराचा. हक्क तयार झाला डिसेंबर 2022 मध्ये, तेव्हा मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 36,400 होते. 26 ने भागले की दिवसाला 1,400 रुपये. एप्रिलमधल्या पगारवाढीनंतर ते 39,000 झाले होते, म्हणजे दिवसाला 1,500. पाच दिवसांत फरक पाचशे रुपयांचा. पैसे तेव्हाच द्यायला हवे होते आणि उशीर आमच्यामुळे झाला होता, म्हणून मी शेवटच्या पगाराचा दर धरला.

21 जुलैला गेलेलं पत्र असं होतं:

“नमस्कार,

आपला 12 जुलै 2023 चा मेल मिळाला. आपण 23 दिवसांच्या रजेच्या मोबदल्याची मागणी केली आहे. तपासणीनंतर त्यांपैकी 5 दिवसांची मागणी मान्य करीत आहोत आणि 18 दिवसांची मागणी मान्य करता येत नाही. कारणे खाली दिली आहेत. आपले रजेचे खाते आणि 2022 मधील नामंजूर अर्जांची यादी सोबत जोडली आहे, म्हणजे आपल्याला प्रत्येक आकडा स्वतः पडताळता येईल.

आपली मागणी तीन रजांची मिळून झालेली आहे: नैमित्तिक 4, आजारपणाच्या 10 आणि 31 डिसेंबर 2022 रोजी संपलेल्या अर्जित 9.

नैमित्तिक आणि आजारपणाच्या मिळून 14 दिवसांबाबत: धोरणाच्या कलम 7.6 नुसार रोखीकरण केवळ अर्जित रजेचे होते. या दोन रजा त्या त्या वर्षात वापरण्यासाठी असतात, त्यामुळे नोकरी सोडताना त्यांचे पैसे देय होत नाहीत. अ‍ॅपवर तिन्ही रजांची एकत्र बेरीज ‘एकूण शिल्लक’ म्हणून दिसत होती आणि त्यातून आपला गैरसमज होणे स्वाभाविक होते. ती मांडणी आमची चूक आहे. त्याबद्दल दिलगीर आहोत. मात्र त्या बेरजेमुळे या 14 दिवसांचा मोबदला देय होत नाही.

अर्जित रजेच्या 9 दिवसांबाबत: 31 डिसेंबर 2022 रोजी आपल्या खात्यात 54 दिवस होते. कलम 7.3 नुसार 45 दिवस पुढे नेण्यात आले आणि 9 दिवस संपले. कलम 7.4 नुसार, किमान पंधरा दिवस आधी मागितलेली रजा कंपनीने नाकारली असल्यास, मर्यादेवरील तेवढ्या दिवसांचा मोबदला देय होतो. आपण 2 नोव्हेंबर 2022 रोजी 5 दिवसांची रजा मागितली होती. ती मुदतीत होती आणि कामामुळे नाकारण्यात आली. या 5 दिवसांचा मोबदला आपल्याला हिशोबाच्या वेळीच मिळायला हवा होता. तो आमच्याकडून राहून गेला.

आपला 22 डिसेंबरचा 4 दिवसांचा अर्ज रजेच्या पाच दिवस आधी केलेला होता. तो पंधरा दिवसांच्या मुदतीत बसत नसल्याने कलम 7.4 त्याला लागू होत नाही. म्हणून या 4 दिवसांची मागणी मान्य करता येत नाही.

मान्य 5 दिवसांची रक्कम आपल्या अखेरच्या वेतनावर काढली आहे: 39,000 भागिले 26, म्हणजे दिवसाला 1,500 रुपये, एकूण 7,500 रुपये. ही रक्कम 28 जुलै 2023 पर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. ती स्वीकारल्याने उरलेल्या 18 दिवसांबद्दल दाद मागण्याच्या आपल्या अधिकाराला बाधा येणार नाही.

आपण एका सहकाऱ्याच्या हिशोबाचा उल्लेख केला आहे. दुसऱ्या व्यक्तीचा तपशील आम्हाला सांगता येत नाही. मात्र आपल्या मागणीला लावलेला नियम सर्वांना एकच आहे, आणि आपल्या उल्लेखामुळेच आम्ही नामंजूर अर्ज तपासले.

22 डिसेंबरपूर्वी आपण त्या चार दिवसांची मागणी लेखी किंवा मेलने केली असल्यास ती आम्हाला पाठवावी. आम्ही तो भाग पुन्हा तपासू. या निर्णयाशी आपण सहमत नसल्यास तक्रार निवारण समितीकडे 30 दिवसांत अर्ज करता येईल.”

या पत्रातल्या काही गोष्टी विचार करून ठेवलेल्या आहेत. नकार पहिल्याच परिच्छेदात, आकड्यासकट आहे. आधी नऊ वर्षांच्या सेवेचं कौतुक आणि मग हळूच ‘तथापि’, अशी मांडणी मी करत नाही. वाचणारा तो ‘तथापि’ शोधत खाली येतो आणि वरचं सगळं कौतुक वाया जातं. दिलगिरी आहे, पण ती कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल नाही, हे लगेच पुढच्या वाक्यात स्पष्ट केलं आहे. अ‍ॅपच्या मांडणीची चूक कबूल केली म्हणजे 14 दिवस मान्य केले, असा अर्थ निघू नये, म्हणून ते वाक्य हवंच होतं.

आधीची लेखी मागणी पाठवायला जागा ठेवली ती नाकारलेल्या चार दिवसांसाठी. आमच्याकडे बरेच जण आधी विभागप्रमुखांना मेलने किंवा मेसेजने विचारतात, ‘हो’ आलं की मगच अ‍ॅपमध्ये अर्ज भरतात. अ‍ॅपमधली तारीख तेव्हा खरी मागणीची तारीख नसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला एखादा मेल त्याच्याकडे निघाला असता, तर माझं उत्तर बदललं असतं.

त्याचा फोन तीन दिवसांनी आला. आवाजात राग नव्हता, पण समाधानही नव्हतं. “मॅडम, डिसेंबरच्या रजेचं मी साहेबांना तोंडी आधीच सांगितलं होतं.” कधी, असं विचारल्यावर तो म्हणाला, नोव्हेंबरची रजा नाकारली तेव्हाच, म्हणजे ती डिसेंबरात घेतो म्हणून. मी विभागप्रमुखांना विचारलं. त्यांना असं बोलणं झाल्याचं आठवत होतं, तारखा आठवत नव्हत्या. कोणत्या दिवसांची रजा आणि किती दिवस, हे सांगितल्याशिवाय तोंडी बोलण्याला अर्ज म्हणता येत नाही, असं मी त्याला सांगितलं. तसंच टिपण फाइलला लावलं, त्याची बाजू त्याच्या शब्दांत लिहून. समितीकडे जायचं असेल तर ते टिपण तिथे उपलब्ध असेल, हेही कळवलं. तो गेला नाही. 7,500 रुपये 27 जुलैला जमा झाले.

विभागप्रमुखांशी बोलणं जास्त अवघड होतं. त्यांची समजूत अशी, की रजा नामंजूर केली की विषय संपला. 40 च्या वर शिल्लक असलेल्या माणसाची वेळेत मागितलेली रजा ते ऑक्टोबरनंतर नाकारतात, तेव्हा बहुधा ते कंपनीच्या वतीने एक देणं मान्य करत असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही 3 ऑक्टोबर 2022 ला ‘रजा वापरा, नाहीतर लॅप्स होतील’ असं परिपत्रक सगळ्यांना पाठवलं होतं. त्यात कुणाच्या किती रजा जाणार आहेत, हा आकडा नव्हता. आणि ज्याने ते परिपत्रक वाचून नोव्हेंबरात रजा मागितली, त्यालाच नकार मिळाला होता.

सप्टेंबर 2023 पासून अ‍ॅपवरची ‘एकूण शिल्लक’ काढून टाकली. अर्जित रजा वेगळी दिसते आणि रोखीकरणाचा उल्लेख फक्त तिच्याखाली येतो. ऑक्टोबरात प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आकडा जातो. फुल अँड फायनलच्या तपासणीत नामंजूर अर्जांची यादी जोडणं सक्तीचं झालं. त्या यादीतून पुढच्या तीन महिन्यांत आणखी दोन जणांचे मिळून सहा दिवस निघाले. त्यांनी मागणी केलेली नव्हती. त्यांनाही पैसे पाठवले, सोबत खातं आणि नामंजूर अर्ज जोडून.